सील तुटलेली क्रीमची डबी आणि दुकानदाराला लिहिलेले पत्र

आमच्या भागातील सौंदर्यप्रसाधनांच्या एका दुकानातून मी चेहऱ्याला लावायच्या क्रीमची ५० ग्रॅमची डबी घेतली. छापील किंमत ६४९ रुपये होती आणि सवलत देऊन माझ्याकडून ५८५ रुपये घेतले गेले. घरी झाकण उघडले तेव्हा तोंडावरचा चंदेरी पापुद्रा एका बाजूने उचकटून पुन्हा दाबून बसवलेला होता आणि आतल्या क्रीममध्ये बोट फिरवल्याचा खळगा दिसत होता. दुसऱ्या कोणीतरी बोट घातलेली क्रीम मला नवी म्हणून विकली गेली, हे आठवले की आजही अंगाची लाही होते.

खोक्याच्या झापेवर पारदर्शक चिकटपट्टी होती आणि शेजारच्या खोक्यांवर ती नव्हती, हे मला दुकानातच दिसले होते. मी विचारलेही. "वाहतुकीत झाप सुटते ताई, म्हणून आम्हीच पट्टी लावतो," असे उत्तर मिळाले. तेव्हाच डबी उघडायला हवी होती, असे घरचे अजून ऐकवतात. पण पैसे देण्याआधी गिऱ्हाइकाने खोके उघडले, तर तोच दुकानदार "आता हे घ्यावेच लागेल" म्हणतो, हे त्यांना कोण सांगणार? खोके स्वतः उघडू नका, पैसे देण्याआधी ते दुकानदाराला उघडायला लावा.

परत गेले तेव्हा मालकांनी सील मीच तोडल्याचे सांगितले आणि 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीकडे बोट दाखवले. माझ्याकडची पावती हाताने लिहिलेली होती, तीवर फक्त 'क्रीम' आणि रक्कम होती. यूपीआयच्या नोंदीने पैसे दिल्याचे सिद्ध होते, पण कोणती डबी घेतली ते सिद्ध होत नाही. त्यामुळे पावतीवर उत्पादनाचे नाव आणि बॅच क्रमांक लिहून घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.

पुरावा डबीवरच मिळाला. खोक्यावरचा बॅच क्रमांक आणि डबीच्या तळाचा क्रमांक वेगळे होते, आणि डबीवरची वापराची मुदत खोक्यावरच्या मुदतीच्या सात महिने आधी संपत होती. जुनी डबी नव्या खोक्यात घातली गेली होती. सील मी तोडले असे कोणी म्हणू शकेल, पण तळाचा छापील क्रमांक मी कसा बदलणार? म्हणून पत्र त्याच मुद्द्यावर लिहिले.

"प्रति, मा. दुकानमालक.
विषय : सील तुटलेली क्रीम परत करून बदली डबी मिळण्याबाबत.

महोदय,
आपल्या दुकानातून ५८५ रुपयांना घेतलेल्या क्रीमच्या डबीचे आतील सील तुटलेले असून क्रीम वापरलेली आहे. खोक्यावरील व डबीवरील बॅच क्रमांक आणि वापराची मुदत परस्परांशी जुळत नाहीत. दोन्हींची छायाचित्रे व पावतीची प्रत सोबत जोडली आहे. मूळ डबी खोक्यासह या पत्रासोबत परत करत आहे. त्याच उत्पादनाची, सील शाबूत असलेली व दोन्ही क्रमांक जुळणारी डबी सात दिवसांत द्यावी; ते शक्य नसल्यास ५८५ रुपये परत करावेत. सदोष माल परत घेण्यास व रक्कम परत करण्यास, पावतीत मुदत नसल्यास तीस दिवसांत, नकार देणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.
आपली विश्वासू"

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर 'पत्र व डबी मिळाली' असे लिहवून सही, तारीख आणि शिक्का घेतला. मालक टाळत होते, पण पोच मिळेपर्यंत मी डबी हातातून सोडली नाही. पोच नसती, तर अशी डबी आलीच नव्हती असे सांगायला ते मोकळे होते.

सात दिवस उलटले, बदली डबी आली नाही. एका सरकारी कार्यालयात गेले, तर तेथील साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "पाचशे पंच्याऐंशी रुपयांसाठी एवढा खटाटोप?" अर्ज वाचण्याआधीच मला दुसऱ्या विभागात धाडले गेले. त्या विभागाने डबीच मागितली, आणि ती दुकानात दिल्याची पोच दाखवल्यावर "मग आम्ही तपासायचे काय?" असे विचारून अर्ज परत केला. दुकानात जाऊन उरलेली खोकी उघडून पाहण्याचे काम कोणाचे, हे दोन्हीकडे कोणी सांगेना. रक्कम लहान म्हणून तक्रार लहान ठरवणाऱ्यांनी, ती क्रीम आपल्या मुलीच्या तोंडाला लावली असती का?

डबीच्या तळाचे छायाचित्र मी आधीच काढले होते म्हणून माझी बाजू शिल्लक आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांपर्यंत दाद मागता येते, म्हणून पत्राची पोच, पावती आणि छायाचित्रे जोडून तिथे तक्रार दाखल करत आहे. चिकटपट्टी लावलेले खोके घरात असेल, तर क्रीमला हात लावण्याआधी डबी उलटी करून तिचा क्रमांक खोक्याशी ताडून पाहा.