वाढीव वॉरंटी विकावी की वार्षिक सर्व्हिस?

मालवणात वॉशिंग मशीनवर मी दोन्ही विकून पाहिलंय. कंपनीची दोन वर्षं संपली की पुढच्या दोन वर्षांची वॉरंटी आपण आपल्या जबाबदारीवर द्यायची की नुसती वार्षिक सर्व्हिस, एवढाच प्रश्न आहे.

वॉरंटीचा भाव मी वहीवरून काढला. 40 मशीनना तिसऱ्या-चौथ्या वर्षात मिळून 28 वेळा जावं लागलं. त्यात आठ वेळा पीसीबी म्हणजे मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, बाकी ड्रेन मोटर, गाळाने चोंदलेला इनलेट व्हॉल्व्ह किंवा उंदराने कुरतडलेली वायर. पीसीबीला 3,000, इतर कामाला सरासरी 600 आणि दर फेरीला 250 धरले की 43,000 होतात, म्हणजे मशीनमागे 1,075 रुपये. मी 1,500 लावले. 18 टक्के जीएसटी गेल्यावर हातात 1,271 उरतात. 40 मशीनवर मिळून साधारण आठ हजार सुटतात, पण तीन पीसीबी जास्त गेले की तेही संपले.

आणि इथे पीसीबी एकेक करून जात नाहीत. मे महिन्यातल्या एका वळवाच्या रात्री एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या पाच घरांतले गेले. सरासरी चुकली नव्हती, फक्त सगळं एका सकाळी दारात आलं. तेही एक वेळ सोसलं असतं. मला खरा त्रास झाला तो वादाचा. विजेचं नुकसान वॉरंटीत नाही, असं पावतीवर लिहिलेलं होतं. विजेचा दाब वाढून बोर्ड गेला की त्यावरचा जादा दाब झेलणारा व्हॅरिस्टर बहुधा काळा पडतो किंवा फुटतो, खारी हवा लागली की कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज दिसतो. आमच्याकडे एकाच बोर्डावर दोन्ही सापडतात. मग ठरवायचं कसं? गिऱ्हाईक म्हणतं, "वीज आमच्या घरावर पडलीच नाय." त्याचंही खोटं नसतं. पाचांपैकी तिघांना मी बोर्ड बदलून दिला, दोघांशी संबंध कायमचे बिघडले.

सर्व्हिसमध्ये हा वादच येत नाही, कारण पार्टचे पैसे गिऱ्हाइकाचे असतात. मेमध्ये आणि दिवाळीच्या आसपास एकेक फेरी, मधल्या दुरुस्तीची मजुरी माफ. एका वाडीतली घरं एकाच दिवशी केली की ठरलेल्या फेरीला 150 पुरतात. एक सावधगिरी मात्र हवी. सर्व्हिस घेणारा बहुतेक तोच असतो ज्याचं मशीन त्रास देतंय, म्हणून बिघाडाच्या फेऱ्या मी वहीच्या दुप्पट धरतो. वर्षाला 40 मशीनमागे 14 च्या जागी 28 धरल्या की मशीनमागे 175 रुपये. ठरलेल्या दोन फेऱ्यांचे 300 मिळवून 475. जीएसटीसह 700 सांगतो, त्यातले 593 हातात येतात.

तुमचं दुकान कणकवलीकडे, खाऱ्या वाऱ्यापासून लांब असेल, तर वॉरंटीचं गणित कदाचित बरं बसेल. गणपती-शिमग्यालाच घर उघडणारे चाकरमानीही एकरकमी वॉरंटीच मागतात. त्यांना मी अजून देतो, पण पीसीबी वगळून, 900 रुपयांत.