निधनाच्या बातमीत नावाआधी ‘कै.’ की ‘श्रीमती’?

घरात कोणी गेलं की तासाभरात मजकूर लिहायला बसावं लागतं, आणि गाडी अडते ती पहिल्याच शब्दावर. काकांच्या वेळी आम्ही ‘कै.’ लावलं, आईच्या वेळी ‘श्रीमती’. दोन्ही करून पाहिल्यावर माझा कल कुठे आहे, ते सांगतो. (नावं बदलली आहेत.)

काकांचा मजकूर होता, ‘कै. दत्तात्रय विष्णू जोशी यांचे दुःखद निधन झाले.’ भाषेचे जाणकार म्हणतात, कैलासवासी झालेल्याचं पुन्हा निधन कसं होईल? मला तेव्हा तो कीस वाटला होता. पण वर्तमानपत्राच्या त्याच पानावर पुण्यस्मरणाच्या चार जाहिराती होत्या, सगळ्या ‘कै.’वाल्या, सगळ्यांत हार घातलेले फोटो. काकांच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी पानावर नजर टाकली, ‘कै.’ वाचलं आणि कुणाचं तरी वर्षश्राद्ध असेल म्हणून पान उलटलं. दहाव्यानंतर त्यांना कळलं. त्यांचा तो फोन मला अजून आठवतो.

म्हणून आईच्या वेळी ‘श्रीमती’. ‘कै.’ मी दशक्रियेच्या निवेदनापासून पुढे राखून ठेवलं, तिथे ते शोभतंही. वारकरी घरात ‘वै.’, बौद्ध कुटुंबात ‘कालकथित’ लिहितात. तिथे घरची रीतच पाळावी.

आमच्याकडे आत्याचा आग्रह ‘गं. भा.’साठी होता. जुन्या पिढीला त्यात मान वाटतो, हे खरं. पण बहीण म्हणाली, “आईची ओळख बाबा नाहीत एवढीच का?” २०२३ मध्ये सरकारी पातळीवर ‘विधवा’ऐवजी ‘गंगाभागीरथी’ म्हणण्याचा विचार पुढे आला, तेव्हाही असाच विरोध झाला होता. ‘श्रीमती’लाही काही लोक विधवेचंच बिरुद समजतात, पण निदान ते कुणाला टोचत नाही.

खरा घोळ नावाचा. कागदोपत्री ती ‘सुमन वामन जोशी’. लग्नात नाव बदललेलं, त्यामुळे माहेरच्या गावी ती कुसुमच, आणि चाळीत सगळ्यांची माई. नुसतं कागदावरचं नाव छापलं असतं, तर निम्म्या लोकांना पत्ताच लागला नसता. वडिलांच्या नावाआधी ‘कै.’ घालायचंही आम्ही टाळलं; मधेच ‘कै.’ आलं की घाईत वाचणाऱ्याला नक्की कोण गेलं ते कळत नाही. शेवटी असं छापलं:

‘श्रीमती सुमन (माई) वामन जोशी, माहेरच्या कुसुम गोविंद साठे (वय ८४) यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात मुलगा, मुलगी, सून, जावई व नातवंडे असा परिवार आहे.’

दोन ओळी वाढल्या, पैसेही थोडे जास्त पडले. पण सकाळी आठलाच आईच्या गावच्या मैत्रिणीचा फोन आला, “आमची कुसुम ना रे ही?”