फोन-मेनूचे पहिले वाक्य: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या दातांच्या दवाखान्यात स्वयंचलित फोन-मेनू बसवून ८ महिने झाले. कॉलची नोंद चोख मिळते आणि बाकी सोयींबद्दल माझी तक्रार नाही. हे लिहितो आहे ते केवळ त्याच्या पहिल्या वाक्यासाठी.

कंपनीने दिलेले तयार वाक्य असे होते: ‘दंत चिकित्सालयात आपले हार्दिक स्वागत आहे. आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. कृपया सर्व पर्याय लक्षपूर्वक ऐका.’ काही दिवसांतच नोंदींमध्ये दिसू लागले की, अनेक कॉल ८–१० सेकंदांत तुटतात आणि त्याच क्रमांकावरून मिनिटाभरात पुन्हा येतात. एका रुग्णबाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मला कसली तरी जाहिरात वाटली.”

मी साध्या मोबाइलवरून फोन लावून पाहिला, तर ‘...त्सालयात आपले हार्दिक स्वागत’ एवढेच ऐकू आले. कॉल उचलला गेल्यावर दोन्ही बाजूंचा आवाजमार्ग जुळायला क्षणभर लागतो आणि ध्वनिफीत त्याआधीच सुरू झाली, तर सुरुवातीची अक्षरे गळतात. आमच्या बाबतीत गळत होते ते नेमके दवाखान्याचे नाव. कंपनीचे तंत्रज्ञ मात्र आपल्या संगणकावरून फोन लावून ‘सर्व ठीक आहे’ असे कळवत राहिले, आणि या पत्रव्यवहारात ३ आठवडे गेले.

फितीच्या आरंभी १ सेकंदाची शांतता जोडली, तर अपलोड करताना त्यांची प्रणाली ती आपोआप कापून टाकी! शेवटी मेनूच्या मांडणीत ध्वनिफितीआधी ‘थांबा’ हा वेगळा टप्पा ठेवला आणि नाव पूर्ण ऐकू येऊ लागले.

येथवर दोष यंत्राचा आहे, अशी माझी खात्री होती. ती चुकीची ठरली, कारण नाव ऐकू येऊनही कॉल तुटणे कमी झाले, थांबले नाही. फोन करणाऱ्याला आधी आपण योग्य ठिकाणी आलो का आणि आता काय करायचे, एवढेच हवे असते. आम्ही त्याला मधल्या वाक्यात त्याच्या कॉलचे महत्त्व ऐकवत होतो.

आता वाक्य असे आहे: ‘नमस्कार. हा दातांचा दवाखाना आहे. वेळ ठरवण्यासाठी एक दाबा.’ ‘नमस्कार’ मुद्दाम पहिला ठेवला आहे, कारण त्यातील एखादे अक्षर गळाले तरी बिघडत नाही. ‘चिकित्सालय’ काढले, कारण फोनच्या अरुंद ध्वनिपट्ट्यात ‘स’सारखे वर्ण पुसट होतात. काम आधी आणि अंक शेवटी, हा क्रम मराठीत आपोआपच जमतो. अंक आधी सांगितला, तर पुढचे काम ऐकेपर्यंत तो विसरला जातो. बोलणे चालू असतानाही बटण दाबता येईल, अशी सोय सुरू केली, त्यामुळे नेहमीचे रुग्ण नमस्कारालाच एक दाबून मोकळे होतात.

‘हार्दिक स्वागत’ काढताना मला उद्धटपणा वाटला होता. आजवर कोणीही त्याची चौकशी केलेली नाही. कंपनीच्या नमुना-यादीत मात्र तेच जुने वाक्य अजून पहिल्या क्रमांकावर आहे.