सरासरीच्या रकान्यात GEOMEAN : सात महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी तिचा वेग मोजण्याचं काम माझ्याकडे असतं. चार चाचण्या घ्यायच्या, जुन्या आणि नव्या आवृत्तीला लागलेले सेकंद मांडायचे आणि शेवटच्या रकान्यात नवी किती पट वेगवान ते लिहायचं. या पटींची मी वर्षानुवर्षं साधी सरासरी काढत आलो. सात महिन्यांपूर्वी ती काढून तिथे भूमितीय मध्य, म्हणजे जॉमेट्रिक मीन, घातला.

बदल करायला भाग पाडणारा तक्ता अजून जपून ठेवलाय. चित्रं लहान करायला जुनीला 12 सेकंद लागत, नवीला 3. म्हणजे 4 पट. फाइल वाचायला दोघींनाही 6 सेकंद, पट 1. सॉर्टिंग 5 वरून 10 सेकंदांवर गेलं आणि कॉम्प्रेशन 20 वरून 40 वर, म्हणजे दोन्हीकडे पट 0.5. साधी सरासरी आली 1.5, आणि मी अहवालात ‘सरासरी दीडपट वेगवान’ असं लिहून मोकळा झालो.

शेजारच्या सहकारी मॅडमनी तेच सेकंद घेतले आणि भागाकार फक्त उलटा केला : जुनी आवृत्ती नवीच्या किती पट? आकडे आले 0.25, 1, 2, 2. सरासरी 1.31. म्हणजे जुनी आवृत्तीसुद्धा नवीपेक्षा ‘31 टक्के वेगवान’! माप एकच, बेरीज-भागाकार दोघांचेही बरोबर, तरी दोघी एकमेकींपेक्षा वेगवान. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं, कारण आधीच्या कितीतरी अहवालांत मी हेच केलं होतं.

गोम पटीच्या स्वभावात आहे. चौपट वेग झाला की आकडा 1 पासून 3 ने वर जातो. चौपट संथ झालं की 0.25 होतो, म्हणजे जेमतेम 0.75 ने खाली. बेरजेला सुधारणा मोठी दिसते आणि तेवढीच घसरण लहान. भूमितीय मध्यात पटींचा गुणाकार करून, जितक्या चाचण्या तितकं मूळ काढायचं. 4 × 1 × 0.5 × 0.5 = 1, त्याचं चौथं मूळ 1. उलट्या बाजूनेही 1. चौपट आणि पाव एकमेकांना बरोबर छेदतात. शीटमध्ये एवढंच लिहावं लागतं :

```
=GEOMEAN(D2:D5)
```

प्रोसेसरच्या चाचण्यांसाठी प्रसिद्ध असलेली SPEC ही संस्था याच कारणाने हा मध्य वापरते. तिच्या CPU 2017 संचात प्रत्येक मशीनच्या वेळेची तुलना Sun Fire V490 या जुन्या सर्व्हरशी होते. भूमितीय मध्य घेतला की तुलनेसाठी दुसरा कुठलाही सर्व्हर निवडला तरी दोन मशीनमधलं गुणोत्तर बदलत नाही. साध्या सरासरीत आधार बदलला की पहिला नंबरही बदलू शकतो.

आता त्रास कुठे झाला ते सांगतो. सुरुवातीला मी टक्क्यांचा रकाना थेट GEOMEAN ला दिला. ‘-20’ दिसताच तो चूक दाखवतो, कारण त्याला शून्य किंवा ऋण आकडा चालत नाही. 20 टक्के घट 0.80 आणि 30 टक्के वाढ 1.30 अशी लिहावी लागते.

दुसरं, एकाच चाचणीतली प्रचंड उडी याच्यातूनही पूर्ण झाकली जात नाही. दहांपैकी नऊ चाचण्या जशाच्या तशा राहिल्या आणि एक दहापट सुधारली, तर साधी सरासरी 1.9 म्हणते आणि भूमितीय मध्य 1.26. बराच संयमी आकडा, पण तरी 26 टक्के. SPEC च्या 1989 च्या संचात matrix300 नावाच्या चाचणीचं असंच झालं. कंपायलरनी तिची मॅट्रिक्सची आकडेमोड तुकड्यातुकड्यांत करायला सुरुवात केली, तिचा आकडा एकटाच उंच गेला, आणि 1992 च्या संचातून ती काढावी लागली. म्हणून मी मध्याशेजारी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी पटही छापतो.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा मात्र मला त्याच जुन्या तक्त्यात उशिरा दिसली. चारही कामं एकामागून एक केली तर जुनीला 43 सेकंद लागतात, नवीला 59. भूमितीय मध्य ‘बरोबरी’ म्हणतो, पण वापरणारा 16 सेकंद जास्त थांबतो! कॉम्प्रेशनचे 20 सेकंद आणि सॉर्टिंगचे 5 याला सारखेच वजनदार. कुठलं काम किती वेळा होतं, हे पटींमध्ये उरतच नाही. आमच्या एका ग्राहकाकडे रोज रात्री याच क्रमाने ही चार कामं होतात. त्यांच्यासाठी मी आता मध्य काढतच नाही, 43 आणि 59 हेच दोन आकडे पाठवतो. बाकीच्यांचं काम कसं चालतं ते आम्हाला माहीत नसतं, तिथे भूमितीय मध्य राहतो, आणि त्याच्या खाली चारही चाचण्यांचे मूळ सेकंद.