गरम डबा की गार डबा?

भाचेसून पुढच्या महिन्यात लंडनला चालली आहे. भाचा आधीच तिथे आहे, ती डिपेन्डन्ट व्हिसावर जाईल आणि तिथल्या मराठी पोरांसाठी घरून डबे करायचं तिच्या मनात आहे. परवा मुलुंडला घरी आली तेव्हा तिने विचारलं, "मामा, रोज गरम डबे देऊ की आठवड्यातून दोनदा एकदम करून गार देऊ?" आम्ही दोघांनी पश्चिम लंडनमध्ये चार वर्षं हेच केलं. बायको रांधायची, मी डबे पोचवायचो आणि वही लिहायचो. आधी गरम, मग गार. त्यामुळे उत्तर माझ्याकडे आहे, फक्त ते जरा लांब आहे.

दोन्हीकडे सारखं असलेलं आधी उरकतो. धंदा सुरू करण्याच्या किमान 28 दिवस आधी स्थानिक काउन्सिलकडे खाद्यव्यवसाय म्हणून नोंदणी करायची. ती फुकट असते आणि नाकारता येत नाही. मग अधिकारी स्वयंपाकघर बघायला येतात आणि 0 ते 5 मधला दर्जा देतात. घर भाड्याचं असेल तर मालकाला आधी विचारलेलं बरं. विद्यार्थी व्हिसावर मात्र स्वतःचा धंदा चालत नाही. शेजारची एखादी एमएसवाली मुलगी भागीदार व्हायला तयार झाली तरी नको म्हण, असं मी भाचेसुनेला बजावलं.

आता गरम डबा. त्याची मजा वेगळीच, हे मी नाकारणार नाही. झाकण उघडल्यावर आमटीचा वास आला की पोरगं घरी फोन करतं. पण आपण मुंबईकर इथे फसतो, कारण डबा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डबेवाला येतो. सकाळी घरून निघालेला डबा दुपारी जेवणाच्या वेळी टेबलावर, आणि खाणारा तिथे हजर. तिकडे डबा संध्याकाळचा. रस्ते अडलेले, पाऊस, आणि खाणारा कधी घरी येईल याचा नेम नाही.

कायद्याचा आकडा आहे 63 अंश. गरम ठेवायचं अन्न त्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही. गेलंच तर एकदाच, आणि तेही फार तर दोन तास. ऐकायला ऐसपैस वाटतं. आमचे चौदा डबे होते. पहिला पावणेसहाला सुटायचा, शेवटचा सव्वासातच्या पुढे. भाजी, आमटी तग धरायची. घोळ भाताचा होता.

बायको भात तीनला लावायची, म्हणजे पुढे शेगडी पोळ्यांना मोकळी. पातेलं झाकून ओट्यावर. एकदा मी सहज प्रोब थर्मामीटर मधोमध खुपसला, तर डबे भरायच्या वेळी 51. हाताला तो भात चांगला गरम लागत होता! दोन तासांतला किती वेळ ओट्यावरच संपला, कोण सांगणार? भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात, आणि त्यातल्या काहींचं विष पुन्हा कितीही तापवलं तरी जात नाही. रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी देऊन आपण सगळे मोठे झालो, हे खरं. पण ते आपल्या घरात, आपल्या जबाबदारीवर. विकताना तसं म्हणता येत नाही.

मग आम्ही भात सव्वापाचला लावून थेट डब्यात भरू लागलो. आमच्या हातातला भाग सुधारला. गिऱ्हाईकाच्या दारातला कसा सुधारणार? एक नर्सबाई होत्या, ड्यूटी लांबली की नऊ वाजता यायच्या, तोवर डबा पायरीवर. एके दिवशी त्यांचा निरोप आला: भात जरा आंबूस लागला, टाकून दिला. त्यांना काही झालं नाही. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. बाकी सगळं चालवून घेतलं असतं, पण आपण दिलेला भात दारात किती वेळ पडून आहे हे रोज मनात मोजत बसणं, ते मला जमेना.

म्हणून गार. बुधवारी आणि शनिवारी एकदम स्वयंपाक. गार म्हणजे तिथल्या नियमाने 8 अंशांच्या आत, आम्ही फ्रिज 5 वर ठेवायचो. खरी कसरत थंड करण्याची. मोठं पातेलं तसंच ठेवलं तर मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि गरमच फ्रिजमध्ये ढकललं तर शेजारचं दूधही तापतं. उसळ, आमटी उथळ ट्रेमध्ये दोन बोटं जाडीने पसरायची, ट्रे सिंकमधल्या बर्फाच्या पाण्यात ठेवायचे, अधूनमधून ढवळायचं. दीड तासात काम होतं. बर्फाची लादी घातलेल्या पिशवीतून पोचवायचं, खाणाऱ्याने खणखणीत वाफ येईपर्यंत तापवायचं.

आणि भात? तो डब्यातून काढूनच टाकला. शिजवलेला भात फ्रिजमध्येही एक दिवसापेक्षा जास्त ठेवू नये असं तिथली अन्नसुरक्षा संस्था सांगते, आणि आमचा डबा दोन दिवसांचा. "भात तुमचा, बाकी आमचं," असं सांगितलं. चौदातले चौघे गेले. उरलेल्यांनी कुकर घेतला.

गारातही खोड्या आहेत. पोळी दुसऱ्या दिवशी चामडं होते, ओल्या कागदात गुंडाळून तापवली तर बरी. बटाट्याची भाजी रडते, पिठलं दगड होतं. आमटी आणि छोल्यांना मात्र मुरून चव येते. दुसरा फ्रिज लागतो, आणि तिकडच्या घरांत तो ठेवायचा कुठे हा प्रश्नच.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच, पण गारात सोपी जाते. चौदा ॲलर्जीकारक पदार्थांची यादी आहे. त्यातलं डब्यात काय आहे ते ऑर्डर पक्की होण्याआधी आणि डबा पोचताना, दोन्ही वेळा गिऱ्हाईकाला कळलं पाहिजे. आपली साधी फोडणीच घ्या. मोहरी त्या यादीत आहे. बाजारच्या हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे गहूही आला. पुढे दाण्याचं कूट, गोड्या मसाल्यातले तीळ, वरचं तूप. रोजचा मेनू रोज बदलत असेल तर ही चिठ्ठी लिहिताना हमखास काही सुटतं. आठवड्याला दोनच मेनू असले की एकदा नीट लिहायचं आणि स्टिकर छापायचे.

म्हणून भाचेसुनेला म्हटलं, तुझे सगळे गिऱ्हाईक एकाच इमारतीत असतील, ठरलेल्या वेळी खाली येऊन डबा नेत असतील, तर गरम करून बघ, मी अडवणार नाही. तशी इमारत आम्हाला मिळाली नाही, एवढंच.

निघताना तिला माझा जुना थर्मामीटर दिला. बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्याच्या आसपास दाखवतो का आणि उकळत्या पाण्यात शंभराच्या, ते दर महिन्याला बघ म्हटलं. तिने तो लगेच आमच्या चहाच्या कपात घातला. 58. "मामा, चहा गार झालाय तुमचा," म्हणाली.