दिवसा लागणारा, रात्री विझणारा दिवा: फोटो वाचायचा, कोड वाचायचा की आकडे मागवायचे?

शाळेच्या टिंकरिंग लॅबमध्ये मुलांना आर्डुइनो शिकवणाऱ्याच्या फोनवर असा मेसेज कधी ना कधी येतोच. वहीच्या पानावर पेनने काढलेल्या वायरिंगचा फोटो, सोबत प्रोग्राम आणि एक ओळ: "सर, अंधार पडला की लाइट लागायला पाहिजे, पण हा दिवसा लागतो आणि रात्री विझतो. कुठे चुकलं?"

आपण एक ठरावीक प्रकरण घेऊ. बोर्ड आहे आर्डुइनो उनो. चित्रात A0 पासून एक रेष निघते आणि तिला दोन फाटे फुटतात. एक फाटा 10 किलोओहमच्या रेझिस्टरमधून 5V ला जातो, दुसरा एलडीआरमधून GND ला. पिन 9 पासून 220 ओहमचा रेझिस्टर, पुढे एलईडी, त्याचा आखूड पाय GND ला. प्रोग्रामचा कामाचा भाग एवढाच:

```
int v = analogRead(A0);
if (v < 400) digitalWrite(9, HIGH);
else digitalWrite(9, LOW);
delay(100);
```

आता सुरुवात कुठून करायची? रस्ते तीन आहेत: चित्रावर बोट ठेवून वायरचा माग काढत जाणं, कोड वाचणं, किंवा दोन्ही बाजूला ठेवून बोर्डाकडूनच आकडे मागवणं. (मल्टीमीटर हा चौथा, पण तो तिसऱ्याचाच भाऊ आहे.)

फोटोपासून सुरुवात करणाऱ्याने सगळं चित्र एकदम बघू नये. फक्त A0 धरावं आणि त्याला काय काय चिकटलंय ते लिहून काढावं. आपल्या चित्रात उत्तर येतं: रेझिस्टर, जो वर 5V ला जातो, आणि एलडीआर, जो खाली GND ला जातो. एलडीआरचा रोध उजेडात कमी होतो, अंधारात वाढतो. तो खालच्या बाजूला असला तर उजेडात A0 GND कडे ओढला जातो आणि आकडा लहान येतो. एवढं लिहून घेतलं की चित्राकडून मिळण्यासारखी मुख्य गोष्ट मिळाली. रेझिस्टर काढायचाच राहिला असेल, एलईडीचे पाय उलटे दाखवले असतील, तर तेही इथेच दिसतं.

पण चित्र हे मुलाने काय करायचं ठरवलं होतं ते सांगतं, ब्रेडबोर्डवर प्रत्यक्षात काय झालंय ते नाही. ब्रेडबोर्डच्या एका ओळीतली पाच भोकं आतून जोडलेली असतात. रेझिस्टरचे दोन्ही पाय एकाच ओळीत खोचले तर तो असून नसल्यासारखा, आणि कागदावर मात्र सगळं नीट. काही लांब ब्रेडबोर्डांवर कडेची पॉवरची पट्टी मधोमध तुटलेली असते. वहीत ती एक सरळ रेष असते. फोटो कागदाचा नसून बोर्डाचा असला तरी निर्धास्त होऊ नये. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे 10 किलोओहम आणि तपकिरी-काळा-लाल म्हणजे 1 किलोओहम. पिवळट दिव्याखाली काढलेल्या फोटोत नारिंगी कुठला आणि लाल कुठला, यावर पैज लावू नये.

कोड वाचणं त्यामानाने झटपट होतं, पण एकट्या कोडवरून निकाल देता येत नाही. वरच्या चार ओळींत व्याकरणाची चूक नाही, पिन बरोबर आहे, setup() मध्ये pinMode आहे असं धरू. मग कोड सांगतो काय? "आकडा 400 च्या खाली गेला की अंधार झाला." म्हणजे लिहिणाऱ्याने एलडीआर 5V कडे आणि रेझिस्टर GND कडे आहे असं गृहीत धरलंय. हे गृहीतक शब्दांत कुठेही लिहिलेलं नाही. ते त्या `<` मध्ये दडलेलं आहे.

चित्र आणि कोड शेजारी ठेवले की मगच चूक उघडी पडते. चित्र एकटं बरोबर, कोड एकटा बरोबर, जोडी जमत नाही. वायरिंग एका व्हिडिओवरून घेतलं आणि प्रोग्राम दुसरीकडून, की हे होणारच, कारण दोन्ही पद्धती सर्रास वापरात आहेत. 10 किलोओहम रेझिस्टर धरून दोन्हींचे आकडे असे येतात (एलडीआरचे रोध अंदाजे आहेत, नगागणिक बरेच बदलतात):

| कुठे | एलडीआरचा रोध | एलडीआर 5V कडे | एलडीआर GND कडे |
|---|---|---|---|
| दुपारी खिडकीजवळ | 2 किलोओहम | 852 | 170 |
| संध्याकाळी खोलीत | 20 किलोओहम | 341 | 682 |
| अंधारात | 200 किलोओहम | 49 | 974 |

कोड तिसऱ्या स्तंभासाठी लिहिलाय, चित्र चौथ्याचं आहे. भर दुपारी 170 येतात, ते 400 पेक्षा कमी, दिवा लागतो. तक्रारीशी तंतोतंत जुळतं.

आता तिसरा रस्ता. मुलाला दोन ओळी घालायला सांगायच्या:

```
Serial.begin(9600);   // setup() मध्ये
Serial.println(v);    // analogRead नंतर
```

Serial Monitor उघडायचा, त्यातही 9600 निवडायचं (नाहीतर आकड्यांऐवजी कचरा दिसतो), आणि एलडीआरवर तळहात धरायचा. हाताखाली आकडा उतरला तर सेन्सरची बाजू कोडला हवी तशी आहे, पुढे दिव्याकडे बघा. आकडा चढला तर एलडीआर आणि रेझिस्टर यांची अदलाबदल झालेली आहे. हात धरला न धरला तरी आकडा मनाला येईल तसा भटकत असेल आणि वायरला बोट लावलं की उडी मारत असेल, तर A0 अधांतरी आहे. बहुधा A0 ची वायरच नीट बसलेली नाही. आणि 0 किंवा 1023 वर खिळून बसला असेल, तर A0 थेट एखाद्या टोकाला जोडला गेलाय किंवा दोघांपैकी एक भाग सुटलाय. आपल्या चित्राप्रमाणे जोडणी केली आणि एलडीआरचा पाय निघाला, तर 1023 दिसेल.

यात फोटोतली नारिंगी-लाल पट्टी, तुटलेली पॉवरची पट्टी, एका ओळीतले दोन पाय, सगळं एकदम तपासलं जातं, कारण आकडा कागदाचा नसून बोर्डाचा असतो. उणीव एकच: बोर्ड हाताशी आणि चालू हवा. प्रोग्राम अपलोडच होत नसेल तर मल्टीमीटर घ्या, काळी प्रोब GND ला, लाल A0 ला. दुपारच्या उजेडात 4.2 व्होल्टच्या आसपास दिसलं तर एलडीआर वर आहे, 0.8 च्या आसपास दिसलं तर खाली.

माझं मत विचाराल तर बोर्ड मुलाच्या समोर असेल तेव्हा आधी आकडे मागवावेत, फोटो नंतर. अर्धा तास फोटो झूम करून जे कळत नाही ते तळहाताखाली लगेच कळतं. बोर्ड लॅबमध्ये कुलूपबंद आहे आणि मूल घरी आहे, अशा वेळी चित्र आणि कोड शेजारी ठेवण्यावाचून इलाज नाही. मग A0 पासून सुरुवात करा आणि `<` चं चिन्ह त्याच्याशी ताडून बघा. नुसता कोड पाठवून "बघा ना सर" म्हणणाऱ्याला मात्र चित्र मागावंच.

दिवा एलईडीऐवजी रिलेवरचा बल्ब असेल तर हीच तक्रार दुसऱ्याच कारणाने येऊ शकते. बाजारातली अनेक रिले मॉड्यूल पिन LOW झाली की चालू होतात. तिथे एलडीआरची जोडणी अगदी बरोबर असूनही बल्ब दिवसा लागतो. चित्रात हे दिसत नाही, कारण चित्रात रिले म्हणजे एक चौकोन. तळहाताची चाचणी इथे लगेच निवाडा करते: आकडा उतरतोय, तरी बल्ब उलटा, म्हणजे दोष रिलेच्या बाजूला. गंमत म्हणजे एलडीआरही उलटा आणि रिलेही उलटं असलं तर सगळं सुरळीत चालतं, आणि कुणी तरी एक चूक सुधारली की "कालपर्यंत चालत होतं" अशी तक्रार येते. 230 व्होल्टची बाजू मात्र फोटोवरून दुरुस्त करायला सांगू नका. तपासणी होईपर्यंत बल्बच्या जागी एलईडीच ठेवायला लावा.

दुरुस्ती वायरीत करायची की कोडमध्ये? एकच बोर्ड असेल तर यूएसबी काढून 5V आणि GND ला जाणाऱ्या त्या दोन फाट्यांची टोकं अदलाबदल करणं सोपं; कोडला हात लावायला नको. पण त्याच चित्रावरून अख्ख्या वर्गाने जोडणी केली असेल, किंवा एलडीआर तयार मॉड्यूलवर बसवलेला असेल, तर कोड बदलणंच शहाणपणाचं. तिथे एक खड्डा आहे. बरेच जण `<` चं `>` करतात आणि 400 तसंच ठेवतात. मग दिवा उलटा वागत नाही, पण लवकर लागतो: मूळ हिशेबात एलडीआर साधारण 15.6 किलोओहमवर गेल्यावर तो लागणार होता, आता 6.4 वरच लागतो, म्हणजे बऱ्यापैकी उजेड असताना. आकडाही 1023 मधून वजा करावा लागतो:

```
if (v > 623) digitalWrite(9, HIGH);
else digitalWrite(9, LOW);
```

एवढं झाल्यावर तिन्हीसांजेला दिवा लुकलुकू लागला तर पुन्हा आकडे बघा. दिवा लागतो, त्याचाच उजेड एलडीआरवर पडतो, आकडा हद्द ओलांडून मागे येतो, दिवा विझतो, आणि delay(100) मुळे हे सेकंदात अनेकदा घडतं. फोटो आणि कोड कितीही वाचले तरी हे सापडायचं नाही. एलईडी आणि एलडीआर बोर्डावर किती जवळ आहेत ते वहीत कुणी काढत नाही. Serial Monitor मध्ये मात्र आकडे आलटून पालटून हद्दीच्या वर-खाली होताना दिसतात. लागण्याची हद्द 670 आणि विझण्याची 570 अशी वेगळी ठेवली तर थोडक्यातली लुकलुक थांबते. दिव्याच्या उजेडाने आकडा त्याहून जास्त घसरत असेल, तर कोडने भागत नाही. एलडीआरवर काळ्या स्ट्रॉचा बोटाच्या पेराएवढा तुकडा चढवून त्याचं तोंड दिव्यापासून दुसरीकडे वळवावं लागतं.