९७ × ९४: मुलांना आधी कोणती रीत द्यावी?

सांगलीत विश्रामबागेत मी सातवी-आठवीच्या शिकवण्या घेते. शिष्यवृत्तीच्या तयारीला लागलेले पालक दरवर्षी विचारतात, "मॅडम, शंभराजवळच्या गुणाकाराची ती झटपट युक्ती कधी घेणार?" युक्ती घ्यावीच, पण तिच्याशेजारी आणखी एक साधी रीत आहे. आधी कोणती द्यायची, हे ठरवताना दोन्हींच्या पोटातलं बीजगणित बघावं.

साधी रीत एकच संख्या फोडते. ९७ म्हणजे १०० वजा ३, म्हणून ९४ ची शंभर पट ९४००, त्यातून तीन वेळा ९४, म्हणजे २८२ वजा. उत्तर ९११८.

युक्तीत दोन्ही संख्यांची तूट मांडतात, ३ आणि ६. एकीतून दुसरीची तूट वजा केली की ९४ − ३ = ९१. तुटींचा गुणाकार १८. शेजारी लिहिले की ९११८.

मुलांना ही जादू वाटते. पण साध्या रीतीतला २८२ उघडून पाहा. ९४ म्हणजे १०० − ६, म्हणून तीन वेळा ९४ म्हणजे ३०० − १८. आता ९४०० मधून हे वजा करायचं, म्हणजे ३०० गेले आणि जास्तीचे गेलेले १८ परत आले: ९१०० + १८. युक्ती म्हणजे साधीच रीत एक पाऊल पुढे नेलेली. अक्षरांत:

(१०० − अ)(१०० − ब) = १००(१०० − अ − ब) + अब

आठवीच्या विस्तार सूत्रांतलं (x + a)(x + b) हेच. त्यात x = १०० ठेवा आणि a, b ऋण घ्या.

सूत्रात 'शेजारी लिहा' असं कुठेच नाही, बेरीज आहे. मुलं चुकतात ती इथेच. ९८ × ९७ ला तुटींचा गुणाकार ६, म्हणून ती ९५६ लिहितात. खरं म्हणजे ९५०० + ६ = ९५०६. ८८ × ८९ ला तुटी १२ आणि ११, गुणाकार १३२, आणि वहीत येतं ७७१३२. शंभराच्या आतल्या दोन संख्यांचा गुणाकार दहा हजारांपुढे जाणारच नाही, एवढ्यावरूनच चूक कळते. ७७०० + १३२ = ७८३२. १०४ × ९७ मध्ये एक वाढ, एक तूट, म्हणून १०१०० मधून १२ वजा: १००८८. वजा करायचं विसरून १०११२ लिहिलं, तर एककाचा अंक चुगली करतो. ४ × ७ = २८, शेवटी ८ हवा.

एकच संख्या शंभराजवळ असेल तर युक्तीच्या नादी लागू नये. ९७ × ४६ ला दुसरी तूट ५४ येते, आणि ३ × ५४ करून हातचा सांभाळत बसावं लागतं. त्यापेक्षा ४६०० − १३८ = ४४६२ तोंडी होतं.

म्हणून सातवीपर्यंतच्या मुलाला मी एक संख्या फोडायलाच शिकवते. दोन कंस गुणता येऊ लागले, की ९४०० − ३०० + १८ त्याच्याकडूनच लिहून घेते आणि मग तुटीची रीत देते. परीक्षा पंधरा दिवसांवर आली असेल आणि दोन्ही संख्या ९० ते १०० मधल्या असतील, तर थेट युक्ती द्यायला माझी हरकत नाही. फक्त तुटींच्या गुणाकाराआधी + चिन्ह आणि ९१ च्या जागी ९१०० असं पूर्ण लिहायला लावा.